"हे बघा" आणि "ऐका": शाळेच्या व्हिडिओला कॅप्शन आणि ऑडिओ वर्णन कसं जोडायचं

शाळेचा व्हिडिओ तयार आहे, आणि आता तो ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या मुलांनाही समजेल असा करायचाय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. नुसतं "कॅप्शन टाका, वर्णन टाका" असं सांगून काही हाती लागत नाही म्हणून एकच व्हिडिओ घेऊन शेवटपर्यंत जातो. मालवण तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका सरांनी सातवीच्या मुलांसाठी कर्लीच्या खाडीत ओहोटीच्या वेळी खारफुटीवर शूटिंग केलंय, साधारण सहा मिनिटांचं. सर चिखलात उभं राहून तिवराच्या झाडाचं पान दाखवतात, मुळं दाखवतात, मध्ये एक मच्छीमार काका येतात, आणि सगळा वेळ सरांच्या तोंडी दोन गोष्टी येतात, "हे बघा" आणि "ऐका". पहिलं आलं की न दिसणारा मुलगा अडकतो, दुसरं आलं की ऐकू न येणारी मुलगी अडकते. तुमचं सगळं काम या दोन जागांभोवतीच आहे, ऐकायच्या जागी बोलणं आणि आवाज लिहून दाखवायचा ते कॅप्शन, आणि बघायच्या जागी दिसणारं बोलून सांगायचं ते ऑडिओ वर्णन.

म्हणून पहिली पायरी कुठलंही सॉफ्टवेअर उघडायची नाही, पहिली पायरी म्हणजे सगळं बोलणं टाइप करून काढायचं. शब्दन् शब्द. थोडं ऐकायचं, थांबवायचं, टाइप करायचं, आणि प्रत्येक वाक्यासमोर ढोबळ वेळ टाकायची. फोनवर बोलून टाइप करता येतं, पण मग नंतर प्रत्येक ओळ कानाने तपासायची, कारण खाडीवर वारा असतो आणि "तिवर" चं काहीतरी भलतंच होऊन बसतं. हा एक कागद दोन्ही कामांना लागतो, कॅप्शन त्यातूनच निघणार आणि वर्णन कुठे हवंय तेही त्यातूनच कळणार.

कागद झाला की दोन रंगांच्या पेनाने खुणा करा. "हे, हा, इथे, असं, एवढं, इकडून तिकडे" असले सगळे बोट दाखवणारे शब्द एका रंगाने. आणि "ऐका, आवाज आला का, कोण बोलतंय" किंवा बोलणारा अचानक थांबून मान वळवतो अशा जागा दुसऱ्या रंगाने. मग व्हिडिओ दोनदा लावा, एकदा स्क्रीन उलटी ठेवून फक्त ऐका, एकदा आवाज पूर्ण बंद करून फक्त बघा. कागदावर न सापडलेल्या जागा इथे सापडतात. उदाहरणार्थ सरांच्या व्हिडिओत सुरुवातीला स्क्रीनवर पाटी येते, "खारफुटी म्हणजे काय?", आणि ती कोणी वाचतच नाही. स्क्रीनवर लिहिलेलं पण कोणी न बोललेलं जे जे आहे ते सगळं वर्णनात जायला हवं, हे नवीन लोकांच्या हमखास लक्षात येत नाही.

आता कॅप्शन.

फाइल साधी असते, .srt नावाची, नोटपॅडमध्येही लिहिता येते. क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मजकूर, आणि मग एक मोकळी ओळ. वेळेत सेकंदानंतर स्वल्पविराम असतो, टिंब नाही. (.vtt नावाची फाइल मागितली तर तिथे टिंब लागतं आणि सर्वात वर WEBVTT अशी ओळ लागते, बाकी जवळजवळ तसंच.) सरांच्या व्हिडिओतला एक तुकडा असा झाला:

```
31
00:02:06,200 --> 00:02:08,900
सर: ऐका... कसला आवाज येतोय?

32
00:02:08,900 --> 00:02:12,400
[डबक्यातून टक् टक् आवाज, थांबून थांबून]

33
00:02:12,600 --> 00:02:18,900
सर: ही कोळंबी आहे. नांगी जोरात मिटते,
पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, तो हा आवाज.
```

खारफुटीत ओहोटीला हा टक् टक् आवाज सर्रास येतो, एका जातीची छोटी कोळंबी तो करते, आणि सरांनी तो धडा म्हणूनच घेतलाय. 32 नंबरची ओळ नसेल तर ऐकू न येणाऱ्या मुलीला दिसतं काय, तर सर "ऐका" म्हणाले आणि तीनेक सेकंद गप्प उभे राहिले. पुढचं उत्तर मग तिच्यासाठी लटकतंच राहतं, कारण प्रश्न कशाबद्दल होता तेच कळलेलं नसतं. आवाज लिहिताना नुसतं "[आवाज]" किंवा "[संगीत]" लिहून भागत नाही, कुठून येतोय आणि कसा येतोय ते लिहा, पण थोडक्यात. आणि प्रत्येक आवाज लिहायची गरजही नाही. लांब कुठेतरी कावळा ओरडला, सोडून द्या. पण 4 मिनिटांच्या पुढे सर बोलता बोलता थांबून मागे वळतात कारण मागून होडीचं इंजिन ऐकू येतं, तिथे "[मागून होडीच्या इंजिनाचा आवाज जवळ येतो]" हवंच, नाहीतर सर का वळले ते कोडं राहील. नियम मी असा धरतो की आवाजामुळे कोणी काही केलं किंवा धड्याला त्याचा उपयोग आहे तरच लिहायचा.

अजून एक गोष्ट बघा, प्रश्न आणि उत्तर वेगवेगळ्या कॅप्शनमध्ये आहेत. शिकवण्याच्या व्हिडिओत हे फार महत्त्वाचं. सर प्रश्न विचारून मुद्दाम थांबतात, म्हणजे मुलांनी विचार करावा, आणि तुम्ही जर जागा आहे म्हणून दोन्ही एकाच कॅप्शनमध्ये भरलं तर वाचणाऱ्या मुलीला उत्तर आधीच मिळतं आणि तिची विचार करायची संधी गेली. कॅप्शन तोंडातून शब्द येतो तेव्हाच आलं पाहिजे.

लांबीचं म्हणाल तर दोन ओळींपेक्षा जास्त नको, एका ओळीत सात-आठ शब्द खूप झाले, आणि एक कॅप्शन निदान एक-दीड सेकंद टिकावं आणि सहा-सात सेकंदांच्या वर अडकून राहू नये. सातवीच्या मुलांना मोठ्यांपेक्षा वाचायला वेळ लागतो हे धरून चाला, मी मराठीत सेकंदाला दोन-सव्वादोन शब्द धरतो. सर भराभर बोलले असतील तर "म्हणजे", "तर काय", "आं" असले शब्द खुशाल काढा, पण बाकी वाक्य बदलून स्वतःचं काहीतरी लिहू नका, कारण बऱ्याच मुलांना थोडं ऐकू येत असतं किंवा ती ओठ वाचत असतात, आणि ओठ एक सांगतायत आणि खाली दुसरंच लिहिलंय असं झालं की ती दोन्हीकडून गोंधळतात. ओळ तोडताना अर्थ बघून तोडा. "मीठ बाहेर" वर आणि "टाकतं" एकटं खाली, असं करू नका.

मच्छीमार काकांचं काय करायचं हा प्रश्न आमच्याकडे बराच चघळला गेला. काका मालवणीत बोलतात, "ह्या पान चाटून बघ, खारट लागता." एका बाईंचं म्हणणं होतं प्रमाण मराठीत लिहा, मुलांना पुस्तकातली भाषा वाचायची सवय असते. मला ते पटत नाही. काका जे बोलले ते लिहा, कारण ऐकणारी मुलं मालवणीच ऐकतायत आणि सिंधुदुर्गातल्या मुलीच्या घरचे ओठही मालवणीच हलतात. फक्त एकच शब्द दरवेळी एकाच पद्धतीने लिहा. पुण्या-नागपूरच्या शाळेत व्हिडिओ जाणार असेल तर प्रमाण मराठीची दुसरी फाइल करा आणि दोन्ही ठेवा. आणि काका चौकटीत दिसायच्या आधीच त्यांचा आवाज येतो, तिथे "मच्छीमार काका:" असं नाव लावायला विसरू नका, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं सरच बोलतायत.

कॅप्शन लावण्यासाठी कॉम्प्युटरवर सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे, आवाजाची लाट डोळ्यांना दिसते त्यामुळे वाक्य कुठे सुरू झालं ते बरोबर पकडता येतं. नुसत्या नोटपॅडमध्ये केलं तर सेव्ह करताना Encoding मध्ये UTF-8 निवडा, ANSI राहिलं तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. आणि शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर तो चालणार नाही, तो त्याच फॉन्टमध्ये मराठी दिसतो, बाहेर आला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडमध्येच टाइप करा.

फाइल वेगळी ठेवायची की व्हिडिओवर पक्की छापायची? यूट्यूबला वेगळीच द्या, YouTube Studio मध्ये Subtitles, तिथे भाषा मराठी, मग Upload file आणि With timing. वेगळी असली की बघणाऱ्याला अक्षर लहान-मोठं करता येतं, चालू-बंद करता येतं. पण आपल्याकडे शाळेचे व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच जास्त फिरतात आणि तिथे वेगळी फाइल व्हिडिओबरोबर जात नाही, म्हणून ग्रुपसाठी छापलेली एक प्रत करावीच लागते. छापताना एक धोका आहे, काही मोबाइल अ‍ॅप्समध्ये जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. हे आधीच ओळखायचं तर एका चाचणी कॅप्शनमध्ये "श्वसनमुळं, स्थिर, दुसऱ्या, क्षार" एवढंच लिहून छापून बघा, चारही शब्द नीट दिसले तर पुढे जा, नाहीतर फॉन्ट बदला (नोटो सान्स देवनागरी बहुतेक वेळा चालतो) किंवा अ‍ॅपच बदला. आणि झाडांच्या नावांच्या पाट्या सरांनी स्क्रीनच्या खाली टाकल्या होत्या, नेमक्या कॅप्शनच्या जागी. त्या वर घ्याव्या लागल्या. खालचा भाग एडिटिंगच्या वेळीच मोकळा ठेवलेला बरा.

आता ऑडिओ वर्णन, आणि इथे जरा सावकाश जाऊ कारण अवघड भाग हाच.

ऑडिओ वर्णन म्हणजे बोलण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत दुसऱ्या आवाजात दिसणारी गोष्ट सांगायची. सिनेमात अशा जागा भरपूर मिळतात, शिकवण्याच्या व्हिडिओत मिळत नाहीत, सर बोलतच असतात. म्हणून आधी मोकळ्या जागा मोजा. तुमच्या त्या कागदावर जिथे दोन वाक्यांमध्ये दोन सेकंदांच्या वर शांतता आहे तिथे किती सेकंद ते लिहा. सावकाश स्पष्ट बोललं तर मराठीत सेकंदाला दोनच शब्द बसतात. म्हणजे चार सेकंदांच्या जागेत आठ शब्द, बस्स. आधी सुंदर वर्णन लिहून मग कोंबायला गेलात तर वाचणारा धावत सुटतो आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

पहिली जागा बघा. 1 मिनिट 42 सेकंदांना सर म्हणतात, "आता हे बघा, हे जे पांढरं दिसतंय ना, सांगा काय असेल? हे मीठ आहे." त्याच्या आधी चार सेकंद सर पान तोडून कॅमेऱ्यासमोर आणतात, बोलत नाहीत. ही आपली जागा. आठ शब्द. पहिला कच्चा मसुदा असा होता, "सर तिवराचं पान दाखवतात, त्यावर मिठाचे कण आहेत." शब्दांत बसतं, पण उत्तर फोडून टाकलं! न दिसणाऱ्या मुलाने पण इतरांसारखंच डोकं खाजवायला हवं ना. म्हणून पक्कं झालं ते असं: "सर तिवराचं पान कॅमेऱ्याजवळ धरतात. वर पांढरे कण." जे दिसतंय तेवढं सांगितलं, त्याचा अर्थ सांगायचं काम सरांचं. कॅप्शनमध्ये जे प्रश्न-उत्तराचं बोललो तेच इथे पण लागू होतं.

वर्णन वर्तमानकाळात लिहा, छोटी वाक्यं, आणि "सुंदर", "छान", "आपल्याला दिसतं की" हे सगळं गाळा. "सर आनंदी होतात" नको, "सर हसतात" म्हणा. रंग सांगावेत का असं बरेच जण विचारतात, सांगा, सगळीच मुलं जन्मापासून न दिसणारी नसतात आणि कित्येकांना थोडं दिसतही असतं. पण आकार आणि माप सांगताना हाताला कळणारी मापं वापरा, वीत, बोट, मूठ, कोपरापर्यंत, गुडघाभर. "20 सेंटिमीटर" पेक्षा "वीतभर" म्हटलेलं सातवीच्या मुलाला लगेच हातात येतं.

दुसरी जागा कठीण. 3 मिनिटं 10 सेकंदांपासून अर्धा मिनिट सर न थांबता मुळांबद्दल बोलतात, "ही अशी वर आलेली, आणि ती तिकडची बघा, ती अशी खाली जातात, दोघांचं काम वेगळं." या अख्ख्या वाक्यात मुळं कशी आहेत याचा एकही शब्द नाही, सगळं हातवाऱ्यात आहे, आणि मध्ये एक सेकंदाची पण जागा नाही. इथे तीन मार्ग असतात.

सरांच्या आवाजावरच वर्णन चढवणं हा पहिला, तो करू नका, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि धडाच हरवतो. दुसरा म्हणजे सरांकडून तेवढंच वाक्य पुन्हा रेकॉर्ड करून घेणं, आणि सर जवळ असतील तर हाच सर्वात चांगला, कारण मग वेगळं वर्णन लागतच नाही. सर म्हणाले असते, "तिवराची मुळं चिखलातून सरळ वर येतात, वीतभर उंच, बोटाएवढी जाड, आणि शेजारच्या कांदळाची मुळं खोडातूनच फुटून कमानीसारखी वाकून खाली चिखलात घुसतात", तर दिसणाऱ्या मुलांनाही जास्त कळलं असतं. ज्यांचं शूटिंग अजून व्हायचंय त्यांनी तर हे आधीच करावं, स्क्रिप्टमध्ये प्रत्येक "हे" च्या जागी नाव आणि "असं" च्या जागी आकार. निम्म्याहून जास्त वर्णन तिथेच संपतं, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

पण इथे शूटिंग होऊन गेलंय, पाऊस सुरू झालाय, खाडीत पुन्हा जाता येत नाही. मग तिसरा मार्ग, चित्र थांबवायचं. एडिटिंग अ‍ॅपमध्ये 3:10 च्या आधी जिथे दोन्ही झाडं एकत्र दिसतात ती फ्रेम 12 सेकंद गोठवायची, बहुतेक अ‍ॅप्समध्ये फ्रीज फ्रेम नावाने सोय असते, आणि त्या वेळात सांगायचं: "डावीकडे तिवर. भोवती चिखलातून असंख्य मुळं सरळ वर आलेली, वीतभर उंच, बोटाएवढी जाड. उजवीकडे कांदळ. मुळं खोडातून फुटून, कमानीसारखी वाकून चिखलात उतरलेली." साधारण 22-23 शब्द, 12 सेकंदात आरामात बसतात. मग सर बोलायला लागले की "ही" आणि "ती" कोणती ते ऐकणाऱ्याला माहीत असतं, फक्त डावं-उजवं लक्षात ठेवायचं. याला विस्तारित वर्णन म्हणतात. तोटा एवढाच की व्हिडिओ लांबतो, म्हणून ही प्रत वेगळी ठेवावी लागते, आणि अशा गोठवलेल्या जागा सहा मिनिटांत तीन-चारच्या वर झाल्या तर धडा सारखा अडखळतो, मग सरळ दुसरा मार्गच धरा.

लांबण्याचा अजून एक परिणाम होतो जो पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येत नाही. 12 सेकंद मध्ये घातले की त्यानंतरची सगळी कॅप्शन्स 12 सेकंद लवकर यायला लागतात. म्हणजे जुनी .srt या प्रतीला चालणार नाही. सबटायटल एडिटमध्ये सगळ्या वेळा एकदम सरकवायची सोय आहे, निवडलेली ओळ आणि पुढच्या सगळ्या एवढंच सरकवायचं असं सांगता येतं, त्यामुळे पाच मिनिटांचं काम आहे, पण करायचं लक्षात ठेवा. म्हणूनच क्रम असा ठेवा की आधी फ्रेम गोठवून व्हिडिओ बाहेर काढायचा, मग वर्णन रेकॉर्ड करायचं, आणि सगळ्यात शेवटी कॅप्शनच्या वेळा सरकवायच्या.

रेकॉर्डिंगला महागडा माइक लागत नाही, फोन चालतो, तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरलेला, म्हणजे श्वासाचा फुस्स आवाज येत नाही. आवाज सरांचा नको, दुसऱ्या माणसाचा असू दे, सर पुरुष असतील तर बाईंचा आवाज घेतला की ऐकणाऱ्याला पहिल्याच वाक्यात कळतं हे धड्यातलं नाही, हे वर्णन आहे. कोकणात जून ते सप्टेंबर घराच्या पत्र्यावर किंवा कौलावर पावसाचा जो ताशा वाजतो त्यात रेकॉर्डिंग होत नाही, स्लॅबची खोली बघा, पंखा बंद, खिडकी बंद, समोर भिंतीला गोधडी लावली तर खोलीचा घुमटा आवाज जातो. एक वाक्य दोनदा-तीनदा म्हणा आणि चांगलं ते ठेवा. नाट्यमय वाचायची गरज नाही, पण मेल्यासारखंही नको, शेजारी बसलेल्या मित्राला हळू सांगतोय तसं.

आवाज मिसळायला ऑडॅसिटी फुकट मिळतं. फ्रेम गोठवून लांबलेल्या व्हिडिओतला आवाज आधी वेगळा काढून घ्या, त्यासाठी ffmpeg नावाचं फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाका आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ द्या:

```
ffmpeg -i tivar-lamb.mp4 tivar.wav
```

हा वरच्या ट्रॅकवर, वर्णनाचे तुकडे त्याच्या अगदी खालच्या ट्रॅकवर, आपापल्या वेळेला ठेवलेले. मग वरचा ट्रॅक निवडून Effect मध्ये Auto Duck चालवा, खाली वर्णन सुरू झालं की वरचा पाण्या-वाऱ्याचा आवाज आपोआप खाली जातो आणि वर्णन संपलं की परत वर येतो. हे खालचा ट्रॅक बघूनच काम करतं, म्हणून क्रम उलटा झाला तर चालत नाही. वाऱ्याचा आवाज पूर्ण बंद करू नका, तो गेला की खाडी गेल्यासारखं वाटतं, फक्त मागे राहू दे. आणि सरांच्या व्हिडिओखाली कोणीतरी बासरीचं संगीत टाकलं होतं ते आम्ही काढायला लावलं, ज्या मुलांना मशीन लावून थोडं ऐकू येतं त्यांना संगीताखालचं बोलणं वेगळं करता येत नाही आणि वर्णनालाही ते आडवं येतं. शिकवण्याच्या व्हिडिओला मागे संगीत नकोच असं माझं स्पष्ट मत आहे.

मिसळलेला आवाज tivar-varnan.wav या नावाने बाहेर काढून व्हिडिओला परत लावायचा:

```
ffmpeg -i tivar-lamb.mp4 -i tivar-varnan.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac tivar-varnan.mp4
```

यूट्यूबवर ही प्रत वेगळा व्हिडिओ म्हणून टाका, नावातच "ऑडिओ वर्णनासह" लिहा आणि दोन्ही व्हिडिओंच्या माहितीत अगदी पहिल्या ओळीत एकमेकांची लिंक द्या. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने वाचणाऱ्याला पहिलीच ओळ आधी ऐकू येते, पाचव्या ओळीत लिंक पुरली तर ती सापडेपर्यंत कंटाळा येतो.

तपासणी. तुम्ही स्वतः तपासून उपयोग नाही, तुम्हाला आता अख्खा व्हिडिओ पाठ झालाय. आधी घरातल्या कोणाला तरी स्क्रीन न दाखवता वर्णनाची प्रत ऐकवा आणि मग विचारा, कांदळाची मुळं हाताने करून दाखव. हात वरून खाली कमानीसारखा आला तर वर्णन बरोबर, खालून वर आला तर तिवर आणि कांदळ मिसळलेत, बहुतेक दोघांच्या मध्ये थांबायला जागा कमी पडली असणार. दुसऱ्या कोणाला आवाज बंद करून कॅप्शनची प्रत दाखवा आणि विचारा, सर मागे का वळले? टक् टक् कोण करतं? मग खऱ्या मुलांकडे जा, आणि "आवडला का" असं विचारू नका, सगळी मुलं हो म्हणतात. धड्यावरचे तेच प्रश्न विचारा जे सर इतर मुलांना विचारतात, आणि उत्तर कुठे अडतं ते व्हिडिओतल्या वेळेसकट लिहून घ्या.

ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर तपासताना एक मर्यादा कळेल ती आधीच सांगतो. यातल्या बऱ्याच मुलांची रोजची भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, तिचं व्याकरण मराठीसारखं नाही, आणि मराठी त्यांच्यासाठी नंतर शिकलेली भाषा असते. कॅप्शन अगदी नेमकं असूनही मूल अडलं तर दोष कॅप्शनचा नसेल, त्याला सांकेतिक भाषेतला दुभाषी कोपऱ्यातल्या चौकटीत हवा असेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 42 मध्ये ऑडिओ वर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या म्हटल्यात, आणि एकीने दुसरीची जागा भरत नाही. दुभाषीची चौकट हे वेगळं काम आहे, त्यासाठी ती भाषा उत्तम येणारा माणूसच लागतो, दोन-चार खुणा शिकून स्वतः उभं राहू नका.

आणि ज्या मुलाला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्याला या दोन्ही प्रतींचा उपयोग नाही, पण तुमच्याकडे त्याच्यासाठीचं सामान तयार आहे. कॅप्शनचा मजकूर आणि वर्णनाचा मजकूर घ्या, वेळेच्या क्रमाने एकाखाली एक लावा, वेळा काढून टाका, बोलणाऱ्याचं नाव आणि "वर्णन:" एवढं राहू द्या, आणि साध्या युनिकोड मजकुराची फाइल करून व्हिडिओबरोबर ठेवा. ब्रेल डिस्प्लेवर ती बोटांनी वाचता येते. सरांच्या व्हिडिओची अशी फाइल दोन-तीन पानांचीच झाली, आणि पुढच्या वेळी शूटिंगला जाताना सर तीच छापून बरोबर नेणार आहेत, कोणत्या वाक्यात काय सांगायचं राहून गेलं होतं ते त्यात ओळीओळीला दिसतं म्हणून.